आईच्या खात्यातले दात

त्या रविवारी जेवणं झाल्यावर आईने आम्हाला सगळ्यांना खिडकीशी उभं केलं.

"दिवा बंद कर आधी," ती बाबांना म्हणाली. "दिव्यात रंग खोटा येतो."

"आम्ही काय भिंत आहोत का, रंग बघायला?" बाबा म्हणाले, पण उठून दिवा बंद करून आले.

"दात दाखवा."

आमच्या घरी फोटो काढताना 'हसा' असं कुणी म्हणत नसे. आई दातांच्या लॅबमध्ये काम करायची. डॉक्टर पेशंटच्या दातांची मापं पाठवत आणि त्या मापांवरून ती कॅप, ब्रिज, कवळ्या बनवायची. माणूस समोर आला की तिला आधी त्याचे दात दिसत, मग उरलेला माणूस. आम्ही दात दाखवले. बाबा, मावशी, मी, भाऊ, वहिनी आणि वहिनीच्या कडेवर त्यांचा दोन वर्षांचा ढोलू. ढोलूकडे दाखवण्याजोगे दात नुकतेच आले होते आणि तो त्यांच्याबाबतीत उदार होता. आईने चार फोटो काढले, पाचवा काढायला गेली आणि थांबली.

"हा बघ गं, पुन्हा म्हणतोय, जागा संपत आलीय."

"कुणाची?" मावशी सोफ्यावर बसत म्हणाली. "तुझी माझ्यापेक्षा जास्त आहे, सरक."

आईने फोन माझ्यापुढे धरला. क्लाउडवरची आमची सामायिक जागा जवळजवळ भरली होती. काही वर्षांपूर्वी भावाने घरासाठी एक मधला प्लॅन घेतला होता, आईच्या नावावर. कारण त्या दिवशी आईचाच फोन हाताशी होता. दोनशे जीबी, आणि आम्ही सहा जण त्यात. आई प्लॅनची मालकीण, बाकीचे सदस्य. ज्याचे फोटो त्याच्या खात्यात. दुसऱ्याला ते दिसत नाहीत. जागा मात्र एकच. एकाच पाण्याच्या टाकीला सहा नळ असावेत तशी.

"पुढच्या रविवारी बसू आपण," मी म्हणाले. "नीट लावून देते."

"बस. पण तुझे ते पुस्तकांसारखे नंबर नकोत हं. मला माझाच फोटो सापडायचा नाही." मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वस्तू जागच्या जागी ठेवायच्या माझ्या सवयीची घरात थट्टा होते. ती थट्टा आईने सुरू केली होती.

मग तिने भांडी घासली, मी पुसली. मावशी झोपली, ढोलूने रिमोटच्या बॅटऱ्या काढून सोफ्याखाली टाकल्या, आणि दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये काम करता करता आईचं हृदय थांबलं. हातात मेणाचा अर्धा कोरलेला दात होता, असं तिच्या शेजारी बसणाऱ्या चिमटाकाकूंनी सांगितलं.

पुढच्या रविवारी घर माणसांनी भरलेलं होतं. फोनची गोष्ट कुणाच्याही मनात नव्हती.

ती मनात आली काही आठवड्यांनी, आणि तीही तक्रारीच्या रूपात. पहिला फोन मावशीचा.

"माझ्या मेल येईनाशा झाल्यात. काय केलंस तू?"

"मी कशाला काय करू?"

"मग कुणी केलं? तुझा बाप तर फोन उलटा धरतो."

संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. बाबांनी बँकेत जाऊन आईचं कार्ड बंद केलं होतं, आणि प्लॅनचे पैसे त्याच कार्डावरून जात होते. कंपनीने आईच्या खात्यावर सूचना पाठवल्या, वाट पाहिली आणि प्लॅन संपवला. आता प्रत्येकाच्या वाट्याला तेवढी फुकटची जागा उरली होती, आणि ती तर केव्हाच ओसंडली होती. जुनं काही लगेच पुसलं जाणार नव्हतं, पण नवं काही आत जात नव्हतं. मावशीची मेल अडली. भावाच्या फोनवरचे ढोलूचे नवे व्हिडिओ फोनमध्येच तुंबले. बाबांच्या फोनवर लाल पट्टी आली होती. ती बॅटरीची आहे समजून त्यांनी दोन दिवस फोन चार्जिंगला लावून ठेवला होता.

"ताई, तू घे आता तुझ्या नावावर," भाऊ म्हणाला. तो दुसऱ्या शहरात असतो. मागून ढोलू काहीतरी आपटत होता. "आणि सरळ सगळ्यात मोठा प्लॅन घे. दोन टीबी. आयुष्यभर बघायला नको."

"आपल्याला इतकी जागा लागते?"

"लागत नाही. पण मग काही काढावं लागत नाही ना."

मला त्याचं म्हणणं पटलं होतं, हे इथे सांगून टाकते. कुठलीच गोष्ट काढावी लागू नये, हीच माझी इच्छा होती. तरी मी मधलाच प्लॅन घेतला. जितकी जागा द्याल तितका पसारा पसरतो, हे कपाटांच्या बाबतीत मला ठाऊक आहे; मोठा घेणं नंतर कधीही हातात होतं.

प्लॅन घेणं सोपं होतं. अडचण पुढे आली. एका माणसाला एका वेळी एकाच कुटुंबगटात राहता येतं. बाकीचे आईच्या गटातून बाहेर पडून माझ्या गटात येऊ शकत होते, पण आई स्वतः गटाची मालकीण. मालकाला स्वतःचा गट सोडता येत नाही. तो मोडावा लागतो. बाबांना आईच्या फोनचा आकडी कोड माहीत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही तिचा फोन उघडला, आणि दोन-तीन पानं ओलांडल्यावर पडद्यावर प्रश्न आला: हा कुटुंबगट हटवायचा आहे का?

बाबांनी चष्मा लावून ते वाचलं.

"विचारायची पद्धत आहे का ही," ते म्हणाले.

"बाबा, नुसती जागेची वाटणी आहे ती. तिचे फोटो जात नाहीत. मी तिला लगेच माझ्या गटात घेणार आहे."

"म्हणजे आता ती तुझ्या घरी राहायला येणार."

"तसंच समजा."

"दाब मग." आणि मी दाबायच्या आत त्यांनीच दाबलं.

मी आईच्या खात्याला आमंत्रण पाठवलं, आणि तिच्या फोनवरून मीच ते स्वीकारलं. 'तुम्ही आता या कुटुंबात आहात,' असं तिच्या पडद्यावर आलं. मावशीची मेल धबधब्यासारखी कोसळली आणि त्यात बहुतेक साड्यांच्या जाहिराती होत्या. ढोलूचे व्हिडिओ वर चढले. बाबांची लाल पट्टी गेली. घरात सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

ती चार दिवस टिकली.

कारण मग मी नीट लावायला घेतलं. माझ्या मनात एक सुंदर झाड होतं: 'कुटुंब' नावाचं मुख्य फोल्डर, सगळ्यांना दिसणारं, त्यात वर्षांची फोल्डर्स, त्यात प्रसंगांची, आणि शेजारी माणसांची. आईच्या खात्यातले घरचे फोटो मी लॅपटॉपवर उतरवले आणि माझ्या खात्यात, त्या झाडावर चढवू लागले. ज्या फोटोत मावशी, बाबा आणि ढोलू तिघं होते, तो मी मावशीच्या फोल्डरमध्ये टाकला, बाबांच्या टाकला आणि ढोलूच्याही टाकला. शिवाय वर्षाच्या. कुणीही कुठूनही शोधायला गेलं तरी सापडावा म्हणून. ग्रंथालयात आम्ही हेच करतो. एक पुस्तक, पण लेखकाचं कार्ड, विषयाचं कार्ड, नावाचं कार्ड. इतकी वर्षं मी हे करते आहे. आणि इतकी वर्षं करूनही मला कळलं नाही, की मी कार्डं करत नव्हते. मी पुस्तकच चार वेळा विकत घेत होते.

त्यातच मावशीला 'कुटुंब' फोल्डर सापडलं. तिने प्रत्येक फोटो आपल्या फोनवर उतरवून घेतला, आणि "बघा गं किती छान" म्हणून कुटुंबाच्या चॅटवर टाकायला सुरुवात केली. आमच्या प्रत्येकाच्या फोनला चॅटमध्ये आलेलं चित्र आपोआप ठेवून घ्यायची सवय, आणि ठेवलेलं आपोआप क्लाउडवर पाठवायची. म्हणजे माझ्या चार प्रती, मावशीची पाचवी, मग बाबांची, भावाची, वहिनीची. सगळ्या एकाच टाकीतून.

पाचव्या दिवशी बाबांच्या फोनवर पुन्हा लाल पट्टी.

"चार्जिंगला लावू का?" त्यांनी विचारलं.

भावाने मला भरपूर चिडवलं. "ताई, ग्रंथपाल तू! एकच पुस्तक आठ कपाटांत?"

"आणि तुझे ढोलूचे व्हिडिओ? एकात पाऊण तास नुसता पंखा फिरतोय."

"तो कॅमेरा चालू करून विसरला होता."

"तो दोन वर्षांचा आहे. तू किती वर्षांचा आहेस?"

"बरं बरं. आपलेच दात, आपलेच ओठ."

चूक कळल्यावर निस्तरणं फार कठीण नव्हतं. फोल्डरमध्ये टाकलेली प्रत्येक प्रत जागा खाते, पण फोटोंच्या ॲपमधला अल्बम हा नुसता धागा असतो. एक फोटो दहा अल्बममध्ये ओवा, जागा एकदाच जाते. मी माझं सुंदर झाड मुळासकट उपटलं. कचरापेटीही रिकामी केली, कारण तिथे पडलेलंही जागेत मोजलं जातं. मग आईच्याच खात्यात अल्बम केले, मोजकेच, आणि ते सगळ्यांना पाहायला दिले. नुसतं पाहणाऱ्याची जागा जात नाही. 'सेव्ह करा' दाबलं की मात्र त्याची वेगळी प्रत होते. मावशीला मी हे तीनदा समजावलं.

"म्हणजे बघायचं, पण घरी न्यायचं नाही."

"बरोब्बर."

"दागिन्यांच्या दुकानासारखं."

"हो मावशी."

"मग तसं सांग ना. इतकं क्लाउड-क्लाउड कशाला."

चॅटमधलं आपोआप ठेवून घेणं मी सगळ्यांच्या फोनवर बंद केलं. भावाने पंख्याचा व्हिडिओ काढून टाकला आणि आणखी काही त्याच मासल्याचे. एवढं करूनही टाकी जेमतेम काठाखाली गेली. कोण किती जागा घेतंय ते दाखवणारं पान मी उघडलं. बाबा चिमूटभर, मी आणि मावशी मूठभर, भाऊ-वहिनी पसाभर. उरलेलं सगळं आईचं. घरच्या फोटोंचे अल्बम तर मी पाहिले होते, ते एवढे नव्हतेच. मग मी तिच्या खात्यात अल्बमच्या बाहेर जे होतं, ते पाहायला खाली सरकत गेले.

दात होते.

डोळे नाहीत, कपाळ नाही. नुसती उघडी तोंडं, एकाखाली एक, वर्षानुवर्षं. पुढच्या दाताची कॅप करायची असली की रंग अचूक लागतो. डॉक्टरच्या दिव्यात तो नीट कळत नाही, म्हणून पेशंट लॅबमध्ये येत, आणि आई त्यांना खिडकीशी बसवून, त्यांच्या दाताला खेटून रंगाचा नमुना धरून फोटो काढायची. नमुना म्हणजे पट्टीच्या टोकाला बसवलेला एक खोटा दात, ज्याच्यावर रंगाचा क्रमांक लिहिलेला असतो. एक नमुना, दुसरा, तिसरा. ओठ मिटून, ओठ उघडून. मग हलत्या जबड्याचे व्हिडिओ, चावताना दात कुठे टेकतात ते पाहायला. हे फोटो लॅबच्या कॉम्प्युटरवर जायचे आणि तिथेच राहायचे होते. पण भावाने तिला नवा फोन लावून दिला तेव्हा सगळ्याचा बॅकअप चालू केला होता, आणि तेव्हापासून गावातली तोंडं मुकाट्याने आमच्या घरच्या टाकीत साठत होती.

"उडव," भाऊ म्हणाला. "एका फटक्यात अर्धी टाकी मोकळी. एकेक बारका फोटो शोधत बसू नकोस, दात कोरून पोट भरत नाही."

"बघते."

"बघायचं काय त्यात? परक्यांचे दात आहेत."

ते मलाही दिसत होतं. पण मला आणखीही काही दिसत होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या घरच्या फोटोंमध्ये आई जवळजवळ नाही. त्या रविवारच्या चार फोटोंत आम्ही सहा जण दात दाखवून उभे आहोत आणि सातवी कॅमेऱ्यामागे आहे. अल्बम करताना 'आई' नावाचा अल्बम मी केला, तेव्हा त्यात टाकायला मिळाले ते ओळखपत्राचे, कुणाच्यातरी लग्नातल्या रांगेतले, एक पाठमोरा. आणि इथे, या परक्या तोंडांच्या प्रत्येक फोटोत, कोपऱ्यात तिचा हात होता. नमुन्याची पट्टी धरलेला, निळ्या हातमोज्यातला डावा अंगठा आणि तर्जनी. ती मोजे एक माप मोठे घ्यायची, म्हणून अंगठ्याच्या टोकाला नेहमी एक चुणी. किती हलक्या हाताने धरलं आहे, ते त्या चुणीवरून कळायचं; कुठेही ताण नाही. हजारो फोटोंत तो अंगठा होता. ते सगळं एका फटक्यात उडवायचं, की मोठा प्लॅन घेऊन ठेवून द्यायचं, एवढाच प्रश्न होता. मोठ्या प्लॅनचं पान मी उघडून ठेवलं.

बटण दाबण्याआधी मी लॅबमध्ये गेले. आईचा डबा आणि चप्पल तिथेच राहिली होती, ती आणायचीच होती.

लॅब म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ, आतल्या खोलीत भट्टी आणि खिडकीकडे तोंड करून दोन टेबलं. चिमटाकाकू आपल्या टेबलावर होत्या. त्यांच्या हातात सदान्‌कदा चिमटा असतो. चहाच्या कपातली माशीसुद्धा त्याच चिमट्याने काढतात आणि मग तो धुतात की नाही यावरून आईचं आणि त्यांचं वीस वर्षं भांडण चाललं होतं.

"ये," त्या म्हणाल्या. डोळे वर न करता. "एवढं टेकवते आणि बोलते. आज हिने दम काढलाय माझा."

त्या एका कॅपवर काम करत होत्या. मापाच्या जबड्यावर कॅप बसवायची, मध्ये निळा कागद ठेवून वरचा जबडा टेकवायचा, कागदाचा निळा ठिपका जिथे उमटेल तिथे ती कॅप उंच लागते आहे. तेवढाच ठिपका घासायचा. पुन्हा कागद, पुन्हा ठिपका.

"काकू, आईच्या फोनवरचे पेशंटचे फोटो सगळे घरच्या क्लाउडवर आहेत."

आता त्यांनी डोळे वर केले. "सगळे म्हणजे?"

"सगळे. नवा फोन घेतल्यापासूनचे."

"अगं बाई." त्यांनी चिमटा खाली ठेवला. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. "तिला माहीत होतं?"

"नसणार. माझ्या भावाने बॅकअप लावला होता."

"नसणारच. ती कुणाला फोटो पाठवू द्यायची नाही इथून. डॉक्टरांनी एकदा जाहिरातीत टाकायला एकीचा आधीचा-नंतरचा मागितला होता, तर म्हणाली, 'तोंड तिचं आहे, आपला फक्त दात आहे. तिला विचारा.' आणि त्यांनी विचारलं तर ती नाही म्हणाली. मग तुझी आई दिवसभर खूश."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतं.

"काकू, त्या फोटोंत तिचा हात आहे."

"हो, असणारच." त्यांना लगेच कळलं, आणि कळल्याचा त्यांनी गवगवा केला नाही. "डावा. उजव्याने फोन धरायची." त्यांनी आईच्या टेबलाकडे पाहिलं. ते पुसून ठेवलेलं होतं. "हात ठेवायला परक्या लोकांची तोंडं ठेवायची का, हे मी नाही सांगणार. ती काय म्हणाली असती ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक. मला एवढं कर, तिची चार कामं अर्धी राहिलीत. त्यांचे रंगाचे फोटो पाठव. दोन जणी पुढचा दात नसताना फिरताहेत, त्यातली एक नवरी आहे."

मी तिथेच आईचा फोन काढला आणि दोघींनी मिळून ती चार तोंडं शोधली. काकू नुसते दात पाहून सांगत होत्या: ही शाळेतली बाई, हा ट्रकवाला, ही आपली नवरी. फोटो लॅबच्या कॉम्प्युटरवर उतरवले. उतरले आहेत, उघडताहेत, हे दोनदा पाहिलं.

"तिचं काम तुम्ही कराल?"

"मग कोण करणार? मेण तिनं अर्धं कोरलंच आहे. फक्त भांडायला कुणी नाही." त्यांनी चिमटा उचलला. "चहा घेतेस? माशी नाहीये आज."

डबा आणि चप्पल घेऊन मी घरी आले तेव्हा दुपारचं ऊन टेबलावर होतं आणि बाबा भाजी निवडत बसले होते. मोठ्या प्लॅनचं पान लॅपटॉपवर तसंच उघडं होतं. मी ते बंद केलं.

"काय ठरलं?" बाबांनी विचारलं.

"आहे तोच प्लॅन पुरेल. दात काढते."

"सगळे?"

"सगळे. ते आपले नव्हतेच."

ते भाजीची जुडी घेऊन उठले. मग खुर्ची माझ्या शेजारी ओढून बसले. "एकटीने नको काढूस. मी बघतो."

फोनवरून नव्हे, क्लाउडमधून काढायचं होतं, आणि घरचा एकही फोटो चुकून जाता कामा नये, म्हणून मी महिना-महिना घेत गेले. दात, दात, दात, मध्येच ढोलूचं बारसं, पुन्हा दात. निवडायचं, घरचं सोडायचं, काढायचं. प्रत्येक पानावर निळी चुणी यायची आणि जायची. मला वाटलं होतं की जड जाईल. तसं ते गेलं नाही. तिच्याच पद्धतीने काम चाललं होतं. ठिपका दिसेल तेवढंच घासायचं, बाकीला धक्का नाही. बाबा मधूनमधून बोलत होते.

"ह्याचे दात बघ, घोड्यासारखे."

"बाबा, बघू नका. परक्यांचे आहेत."

"मग तू कशाला बघतेस?"

"मी निवडतेय."

"मीही निवडतोच आहे," ते म्हणाले आणि भाजीची जुडी दाखवली.

मागच्या वर्षांकडे जाता जाता एका पानावर माझा हात थांबला. तसंच उघडं तोंड, तसाच खिडकीतला उजेड, दाताला खेटून तसाच नमुना. पण पट्टी धरणाऱ्या हातात मोजा नव्हता. उघडा अंगठा होता, नखाच्या कडेला प्लास्टरची पांढरी रेघ, आणि पेरावर भाजल्याचा जुना डाग. मागे आमच्या स्वयंपाकघराची फरशी अंधुक दिसत होती.

"हे कुणाचं?" बाबा वाकले.

"माझं."

बाथरूममध्ये घसरून माझा वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता त्या वर्षीचं. डॉक्टरांनी तो घासून दिला आणि कॅप आईने केली. एक केली, मोडली. दुसरी केली, तिलाही नाही म्हणाली. तिसरी माझ्या मते उत्तम होती. ती म्हणाली, संध्याकाळी करडी पडते. चौथी बसवली. मग कितीतरी महिने जेवताना ती मान जराशी तिरकी करून माझ्या तोंडाकडे पाहायची आणि विचारायची, "खुपत नाही ना?" मी म्हणायचे, "नाही." एवढंच आमचं बोलणं. आमच्यात कौतुक करायची रीत नव्हती. तिनेही माझ्या नोकरीचं कौतुक नंबरांची थट्टा करूनच केलं.

हा फोटो त्या तिसरीच्या वेळचा; पुढचा चौथी बसल्यानंतरचा होता. दोन्ही पुढचे दात शेजारी-शेजारी, आणि तोच अंगठा, या वेळी नमुना न धरता नुसता माझ्या ओठाला हलकेच वर उचलून धरणारा.

"हा ठेवता येईल," बाबा म्हणाले. "तोंड आपलंच आहे."

"हो. हे माझं आहे."

मी दोन्ही फोटो 'आई' अल्बममध्ये ओवले. मग उरलेले महिने काढून टाकले, आणि शेवटी कचरापेटी उघडून ती रिकामी केली. मागे फिरता येणार नाही, असं पडद्यावर बजावून आलं. मी हो म्हटलं. पानावरची पट्टी अर्ध्याच्याही खाली सरकली. तेवढ्यात भावाकडून ढोलूचा नवा व्हिडिओ आला, छोटा, पंखा नसलेला.

बाबा भाजी घेऊन ओट्याकडे गेले. मी तो दुसरा फोटो आईच्या फोनवर मोठा करून पाहिला. मग जीभ दातांवरून फिरवली, एकदा डाव्या, एकदा उजव्या. उठून आरशाशी जाऊन पाहिलं. तुटला होता तो डावा की उजवा, ते आता आठवत नव्हतं; डॉक्टरांच्या कागदांवर लिहिलेलं असेल कुठेतरी, पण नुसतं पाहून सांगता येत नव्हतं. आजवर एकाही माणसाला आलं नव्हतं.

फोन हातातच होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आतून नळाचा आवाज येत होता.

"आई," मी म्हणाले, "दोघांतला तुझा कोणता, ते मलाच ओळखता येत नाही. फार सुंदर केला आहेस गं."